कथा: सईचा डबा (आणि शेवटाबद्दल एक शंका, दगडांचं कळणाऱ्यांनी कृपया बघा)

ओढ्याकाठची

मंडळी नमस्कार. भाचीसाठी एक छोटी गोष्ट लिहिली आहे, ती नऊ वर्षांची आहे आणि सुट्टीत आमच्या गावी कुकडीकाठी दिवसभर गोटे गोळा करत बसते. आता गोष्ट वाचली की ती शंभर प्रश्न विचारणार म्हणून आधी इथे टाकतेय. शेवटच्या दगडाबद्दल मलाच खात्री नाहीये. तर गोष्ट अशी,

*सईच्या श्रीखंडाच्या डब्यात चार दगड होते. तात्यांनी डबा उघडला आणि एकेक दगड तळहातावर घेऊन जोखला. तात्यांनी पंचक्रोशीतल्या विहिरी खणल्या होत्या, त्यांना दगड बघायच्या आधी हाताला कळायचा.*

*पहिला काळा, गुळगुळीत, आकाराच्या मानानं जड. "हा काळा पाषाण. हा पातळ होता एकेकाळी, काकवीसारखा. वाहत आला नि थिजला."*

*"नदीतून वाहत आला?"*

*"नदी कुठली त्या वेळी! जमिनीच्या भेगांतून आला. थरावर थर. नाणेघाटाचा कडा बघितलास ना, ते सगळे थरच."*

*दुसरा करडा, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांचा. "हा मांजऱ्या. तो रस थिजताना त्यात बुडबुडे अडकले. मग पाणी मुरत राहिलं आणि बुडबुड्यांत पांढरं साचलं."*

*तिसरा अर्धपारदर्शक, आत पट्टे. सईनं तो उन्हात धरला. "हा मांजऱ्याच्या पोटातला. आईबाप झिजून गेले, पोर राहिलं. हा झिजत नाय लवकर. आतले पट्टे मोज, झाडाच्या खोडासारखे. मधला सगळ्यात म्हातारा."*

*चौथा गुलाबी. असला सईनं दुसरा पाहिलाच नव्हता. तात्यांनी तो बराच वेळ फिरवला आणि म्हणाले, "हा लांबचा आहे पोरी. हिमालयातून वाहत वाहत आला असंल." सई त्या रात्री डबा उशाशी घेऊन झोपली. प्रत्येक दगडात एक मोठं पुस्तक असतं हे तिला आज समजलं होतं.*

गुलाबी दगड खरा आहे, भाचीला सापडलेला. हिमालय मी घातलाय. चालेल का?

चहाबाज

छान! "आईबाप झिजून गेले, पोर राहिलं" हे आवडलं. पुलेशु.

खडूस_काका

गोष्ट चांगली चालली होती, शेवटच्या वाक्यात शाळेची घंटा वाजली. "प्रत्येक दगडात पुस्तक" वगैरे काढा हो. नऊ वर्षांची मुलं असल्या वाक्याला जांभई देतात.

अर्धवटराव

हिमालय चालेल की, गंगेला पूर आला की गाळ कुठच्या कुठे जातो. शिवाय शाळिग्राम नाही का येत हिमालयातून. आमच्या देवघरात आहे.

ओढ्याकाठची

@अर्धवटराव, तुमचा शाळिग्राम पाण्यातून आला की पोस्टातून?

अर्धवटराव

आजोबांनी काशीहून आणला.

चहाबाज

म्हणजे रेल्वेतून.

कातळकडा

तीस वर्षं भूजलाच्या कामात विहिरी मोजत हिंडलो, त्यामुळे तात्या ओळखीचे वाटले. मांजऱ्या हा शब्द हल्ली कोणी वापरत नाही, बरं वाटलं वाचून.

हिमालय मात्र अजिबात चालणार नाही ताई. नदी फक्त तिच्या वरच्या बाजूचं आणते. कुकडी उगम पावते नाणेघाटाजवळ, पूरच्या कुकडेश्वराच्या देवळापाशी, पुढे जुन्नरवरून खाली येते, घोडला मिळते आणि घोड भीमेला. उगमापासून तुमच्या गावापर्यंत आणि दोन्ही बाजूंनी येणाऱ्या ओढ्यांत जे काही आहे तेवढंच तुमच्या पात्रात येऊ शकतं. आणि त्या सगळ्या टापूत आहे फक्त बेसॉल्ट, म्हणजे तात्यांचा काळा पाषाण आणि मांजऱ्या, त्यांच्या पोटातली गारगोटी नि स्फटिक, आणि मातीतली चुनखडी. हिमालयातला दगड कुकडीत यायचा तर त्याला आधी नर्मदा ओलांडून मग सह्याद्री चढावा लागेल.

म्हणून गुलाबी दगडाचाच प्रश्न खरा आहे. फोटो टाका. त्याला ठिपके आहेत का वेगवेगळ्या रंगाचे, की सगळा एकसारखा गुलाबी? एखादी बाजू सपाट आहे का?

वैनगंगाकाठ

आमच्याकडे भंडारा-नागपूरकडे असले गुलाबी ढिगानं असतात. कन्हानच्या वाळूत बघा, पांढऱ्या गारगोट्या, गुलाबी, काळे, सगळं मिक्स. लहानपणी आम्ही बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर बसून हेच करायचो. मला वाटायचं सगळ्या नद्या अशाच असतात, पुण्याला शिकायला आलो तर मुठेत सगळं काळंच काळं. मला वाटलं प्रदूषण.

खडूस_काका

तेही असेलच.

कातळकडा

@वैनगंगाकाठ, बरोबर आहे, तुमच्या नद्यांच्या वाटेत लाव्हा संपतो आणि खालचा जुना खडक उघडा पडतो, तो लाव्ह्यापेक्षा कितीतरी पट म्हातारा. आमच्याकडे तो जुना खडक आहे, पण शेकडो मीटर खाली गाडलेला. कोयनेच्या परिसरात खोल बोअर घेतले तेव्हा लाव्ह्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचाच खडक लागला. पण तो खालून वर येऊन कुकडीत पडत नाही.

शुभांगी_ताई

माझ्या मिस्टरांना 7 एमएमचा आहे, डॉक्टर म्हणतात पाणी प्या, कुणाला पानफुटीचा अनुभव आहे का?

चहाबाज

ताई धागा चुकला 😂 हे नदीतले खडे चाललेत

शुभांगी_ताई

अय्या सॉरी. "खडा, पाणी, झिजून जाणे" एवढंच वाचलं. आता आलेच आहे तर गोष्ट वाचली, गोड आहे.

मुक्काम_पोस्ट_मिशिगन

इथे लेक मिशिगनच्या काठावर पेटोस्की स्टोन मिळतात, पोवळ्यांचे जीवाश्म, साधारण 35 कोटी वर्षांचे. मजा म्हणजे कोरडा असताना साधा करडा गोटा दिसतो, ओला केला की षटकोनी नक्षी उमटते. लेक दर उन्हाळ्यात बादलीभर आणते आणि घरी आल्यावर रडते की हे ते नाहीतच. सईच्या डब्यातले दगडही घरी गेल्यावर फिके पडणार, ते गोष्टीत घ्या. मुलांचा पहिला अपेक्षाभंग तोच असतो.

ओढ्याकाठची

अगदी! भाचीनं परवा खोबरेल तेल चोळलं सगळ्यांना. आता डब्याला मुंग्या.

सतरंजी

खोबरेल नको, खवट वास येतो. आमच्याकडे काचेच्या बरणीत पाण्यातच ठेवलेत. पृष्ठभाग बारीक खरबरीत असतो, पाण्यानं ते खड्डे भरले की उजेड विखरत नाही आणि आतला रंग दिसतो, एवढंच. तेल किंवा व्हार्निश तेच करतं. पण व्हार्निश लावलं की दगड प्लास्टिकचा वाटतो, माझं मत.

मला एक वेगळं विचारायचंय. तिसऱ्या दगडाचे पट्टे झाडासारखे, मधला म्हातारा, हे बरोबर आहे का? पोकळी भरायची तर ती भिंतीकडून भरेल ना?

कातळकडा

सतरंजीताईंनी नेमकं पकडलं, मी हिमालयाच्या नादात ते सोडून दिलं होतं. झाड आतून बाहेर वाढतं. हा दगड, अकीक म्हणा, बाहेरून आत वाढतो. लाव्ह्यातला बुडबुडा म्हणजे बंद खोली. खडकातून झिरपणाऱ्या पाण्यात सिलिका विरघळलेली असते, ती आधी भिंतीवर बसते, मग तिच्यावर दुसरा थर, मग तिसरा. भिंतीजवळचा पट्टा सगळ्यात जुना आणि मधला शेवटचा. बऱ्याचदा मध्ये थोडी जागा रिकामी उरते, तिथे टोकदार स्फटिक दिसतात, कारण त्यांना मोकळं वाढायला जागा मिळाली. फोडलेला अकीक बघितला तर हे डोळ्यांनी दिसतं.

मात्र एक पट्टा म्हणजे एक वर्ष असं काही नसतं. पट्टे का पडतात आणि सगळं भरायला किती काळ लागतो यावर अजून वाद आहेत, त्यामुळे तात्यांना पट्टे मोजून वय सांगायला लावू नका. लाव्हा साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, आणि अकीक त्यानंतरचा, एवढं ते छातीठोक सांगू शकतात.

अर्धवटराव

म्हणजे डायनासोर त्या लाव्ह्यानं मेले तोच ना.

कातळकडा

मेले त्याच सुमारास. अशनी पडली तीही तेव्हाच. कुणाचा वाटा किती यावर भांडण चालू आहे, मी त्यात पडत नाही.

खडूस_काका

आता माझी शंका. पहिला काळा गोटा गुळगुळीत आहे, म्हणजे तो लांबून आला आणि फार जुना, असं वाचताना वाटतं. पण माझ्याकडे नदीत सापडलेला विटेचा तुकडा आहे, लाल, लिंबाएवढा, इतका सुबक गोल की पाहुण्यांना मी जास्पर म्हणून दाखवतो. वीट कितीही जुनी धरली तरी वाड्याची असेल. मग गोलाईवरून वय कसं सांगणार?

कातळकडा

नाहीच सांगता येत. गोलाई सांगते ती दगड किती मऊ आणि किती आपटला ते. वीट मऊ, काही पुरांतच गोल होते. अकीक तेवढ्याच प्रवासात फक्त कोपरे घालवतो, म्हणून वेडावाकडा बटाटा राहतो. आणि काळ्या पाषाणाची अजून एक गंमत आहे. कधी कधी तो नदीत पडायच्या आधीच गोल असतो. रस्त्यासाठी डोंगर कापलेला बघा, मुरमात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोळे दिसतात. पाणी भेगांतून शिरतं, कोपऱ्यांवर दोन-तीन बाजूंनी काम करतं, कोपरे आधी कुजतात आणि आत गोल गाभा उरतो. तो ओढ्यात घरंगळला की आपण म्हणतो नदीनं घडवला.

तुमचा जास्पर काचेवर घासून बघा. काचेवर ओरखडा आला तर जास्पर. काचेवर लाल खडूसारखी रेघ उमटली आणि पुसली गेली तर वीट.

खडूस_काका

मी नाही करणार. पाहुणे खूश आहेत.

जुन्नरी_पोट्टा

आमच्या गावाशेजारी बोरीला कुकडीच्याच काठावर ज्वालामुखीची राख आहे, जुन्नरच्या डोंगरातूनच उडालेली. ती पण घाला गोष्टीत. तिथं दगडी हत्यारं पण सापडली.

कातळकडा

बोरीची राख खरी, हत्यारंही खरी. पण जुन्नरच्या डोंगरातली नाही, आपला लाव्हा त्याच्या कोट्यवधी वर्षं आधीच थिजला होता. ती सुमात्रातल्या टोबाची धरतात. तिच्या वयावर मात्र जोरदार मतभेद आहेत. काहींच्या मते ती सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीच्या मोठ्या स्फोटाची, काहींच्या मते त्याहून कितीतरी जुनी.

जुन्नरी_पोट्टा

म्हणजे बघा ताई, लांबचं आलंच की कुकडीत! हिमालय नाही तर सुमात्रा.

सतरंजी

हवेतून आलं ते. गोटा उडत नाही.

ओढ्याकाठची

बरं, भाचीला विचारलं आणि फोटो काढला. फोटो धूसर आलाय, क्षमस्व. सगळा एकसारखा फिका गुलाबी आहे, पीचसारखा, काळे ठिपके अजिबात नाहीत. सपाट पॉलिश वगैरे काही नाही. एक गंमत, तिरका धरला की एका बाजूला शिंपल्यासारखी चकाकी येते. आणि तो इतरांइतका गोल नाहीये, कडा आहेत. ती म्हणते "मावशी तो नवीन आहे, त्याला अजून नदीची सवय नाही."

चहाबाज

भाचीलाच लिहू द्या गोष्ट.

कातळकडा

ठिपके नाहीत, शिंपल्यासारखी चकाकी, कडा शाबूत. मी ग्रॅनाइटच्या ओट्याचा तुकडा असेल म्हणून सपाट बाजू विचारत होतो, ते आता सोडा. एक करा, साध्या चाकूच्या टोकानं कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी ओरखडून बघा. भाचीची परवानगी घेऊन.

ओढ्याकाठची

परवानगी मिळवायला एक आइस्क्रीम लागलं. ओरखडा आला! सहज आला, पांढरी भुकटी पडली. आणि एक पातळ पापुद्रा निघाला, त्यावरून मला बोलणी बसली.

कातळकडा

मग मी पैज लावतो की हा स्टिल्बाइट आहे. मांजऱ्याच्या मोठ्या पोकळ्यांत अकीकाच्या शेजारीच हा वाढतो, गुलाबी नाहीतर पांढरा, पापुद्रे सुटणारा. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात याचे डोळे दिपवणारे नमुने ठेवलेत.

आता मुद्द्याची गोष्ट. हा इतका मऊ आहे की नदीत फार टिकत नाही. अकीक पन्नास किलोमीटर आला तरी अकीक राहील, हा वाटेत पीठ होईल. याच्या कडा शाबूत आहेत म्हणजे हा डब्यातला सगळ्यात जवळचा दगड आहे, सगळ्यात लांबचा नव्हे. आसपास, ओढ्याच्या वरच्या अंगाला कुणी विहीर खणली आहे का गेल्या काही वर्षांत? सुरुंग लावला की पोकळ्या फुटतात आणि यारीनं काढलेलं डबर ओढ्याकाठीच टाकतात. असले खडे मी डबराच्या ढिगावरच वेचलेत, नदीत क्वचित.

सतरंजी

बाप रे. म्हणजे तात्यांनी खणलेल्या विहिरीतला असू शकतो?

खडूस_काका

आत्ता गोष्ट झाली.

ओढ्याकाठची

मी हे वाचून पाच मिनिटं गप्प बसले होते. तात्या खरे आहेत, माझे चुलत आजोबा. आमच्या घराच्या वर ओढ्याला लागून त्यांनी शेवटची विहीर खणली, ते डबर अजून तिथंच पडलंय, बाभळी उगवल्यात त्यावर. उद्या भाचीला घेऊन जाते. पण डबरात तसाच गुलाबी सापडला तरी हा खडा तिथलाच हे सिद्ध होणार नाही, हो ना?

कातळकडा

नाही होणार. दुसऱ्या एखाद्या विहिरीचाही असेल, किंवा पुरानं कापलेल्या काठातला. शक्यता वाढेल एवढंच.

अर्धवटराव

मला वाटतं हिमालयच बरा होता, भव्य वाटायचं.

सतरंजी

मला उलट वाटतं. हिमालय कुणालाही सुचतो.

जुन्नरी_पोट्टा

ताई भाचीला निघोजचे रांजणखळगे दाखवा, कुकडीतच आहेत. कातळात उभे हौद कोरलेत, तळाशी गोटे असतात, पाण्यानं ते गरागरा फिरून फिरून कातळ खोदतात. तिथले गोटे मात्र उचलू देऊ नका. आणि काठावर जाऊ देऊ नका, शेवाळ असतं, आत पडलं तर वर येता येत नाही. पावसाळ्यात नकोच.

मुक्काम_पोस्ट_मिशिगन

तिथल्या गोट्यांचं काम चालू आहे, त्यांना डब्यात कशाला घालायचं. 🙂

वैनगंगाकाठ

वर धरणं झाल्यावर नवीन गोटे येतात का हो खाली? आमच्याकडे वाळूच येत नाही आता.

कातळकडा

माणिकडोह, येडगाव ओलांडून गोटा येणार नाही, तो धरणाच्या फुगवट्यातच बसतो. खाली जे आहेत ते आधी आलेले किंवा धरणाखालच्या ओढ्यांनी आणलेले. त्यामुळे तात्यांना "नाणेघाटावरून आला" म्हणायचं असेल तर "धरणाच्या आधी" हे शब्द घालावे लागतील.

ओढ्याकाठची

चार दिवसांनी येतेय. डबरावर गेलो. पांढरे खडे मिळाले, चाकूनं ओरखडले जातात, एकाला अगदी फिकी गुलाबी झाक आहे, भाची म्हणते गुलाबी आहे, मला पांढराच वाटतो. म्हणजे लागलं नाही ते नाहीच. पण शेवट बदललाय. झाडाचं खोडही काढलं, आता तात्या म्हणतात, "भिंतीकडचा पट्टा आधीचा, मधला शेवटचा, घर सारवत सारवत मधे यावं तसा." नवा शेवट असा,

*चौथा गुलाबी. तात्यांनी तो नखानं चाचपला, तिरका धरला, एक पापुद्रा उडाला.*

*"हा लांबचा आहे का तात्या?"*

*"हा? ह्याला नदीचं पाणी माहीत नाय अजून. कडा बघ. हा वरच्या विहिरीतला असंल."*

*"तुम्ही खणलेल्या?"*

*"सुरुंग उडाला आणि कपारीत सगळं गुलाबी चमकलं. आम्ही सगळे वाकून बघत बसलो. मग मुकादम ओरडला, तसं यारीत भरलं नि टाकलं ओढ्याला."*

*"त्या विहिरीला पाणी लागलं?"*

*"नाय लागलं." तात्यांनी खडा डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. "हेच लागलं."*

चहाबाज

🙏

खडूस_काका

घंटा वाजली नाही. पास.

कातळकडा

कोरड्या विहिरी मीही पुष्कळ मोजल्यात. एकच सुचवतो, "नखानं चाचपला" ठीक, पण स्टिल्बाइटवर नखाचा ओरखडा येत नाही, चाकू लागतो. तुम्ही चाचपला लिहिलंय, ओरखडला नाही, म्हणजे चालेल.

शुभांगी_ताई

मिस्टरांचा खडा पडला हो! कुणी विचारलं नव्हतं तरी सांगते.

चहाबाज

ताई डब्यात ठेवा.